इन करायचा की बाहेर सोडायचा? शर्टाला विचारा, टेप लावून

मागच्या महिन्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू होता. "मामा, हा शर्ट इन करू की बाहेर सोडू?" मागून ताईचा आवाज आला, "इन कर. इंटरव्ह्यूला चाललायस, पत्ते कुटायला नाही." पलीकडून भावोजी म्हणाले, "अगं, आता कोण इन करतं?" मी त्याला एवढंच सांगितलं, "फोन टेबलावर ठेव, मागे सरक आणि दोन्ही हात वर कर." त्याने केले. शर्टाचा काठ सरसर वर गेला आणि पडद्यावर त्याची बेंबी दिसली.

ताई आणि भावोजी दोघंही प्रसंगाकडे बघून उत्तर देत होते. पण प्रसंगाचा विचार नंतरचा. शर्टाची लांबी, त्याच्या खालच्या काठाचा आकार आणि पँट अंगावर किती उंच बसते, या तीन गोष्टींवरून शर्ट आत राहील की नाही आणि बाहेर शोभेल की नाही, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. काजं-बटणं करत मी तिथेच मोठा झालो. त्यांनी कधी कुणाला "इन करा" किंवा "करू नका" असं सांगितल्याचं आठवत नाही. ते माप घेतानाच विचारायचे, "आत घालणार की बाहेर?" आणि त्या उत्तरावरून शर्ट कापायचे. रेडिमेडच्या दुकानात हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो आरशासमोर येऊन पडतो.

## तीन शब्द, मग पुढे चालू

शर्टाच्या सगळ्यात खालच्या कडेला इथे मी काठ म्हणतोय. पँटच्या दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथपासून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं पुढचं माप म्हणजे आसन. रेडिमेडच्या लेबलवर हाय राईज, मिड राईज, लो राईज असं लिहितात ते याबद्दलच. आणि बाही जिथे अंगाला जोडलेली असते तो गोल भाग म्हणजे मुंढा. मुंढ्याचा इथे काय संबंध, असं वाटेल. सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो.

## गोल काठ आला कुठून?

एक फॉर्मल शर्ट घ्या आणि पलंगावर पालथा पसरा. त्याचा काठ सरळ नसतो. मागे आणि पुढे जिभेसारखा खाली उतरतो आणि दोन्ही कुशींना वर चढतो. आपल्याकडचे बरेच टेलर याला ॲपल कट म्हणतात. कुशीच्या शिवणीशी, जिथे काठ सगळ्यात वर जातो, तिथे चांगल्या शर्टाला कधीकधी कापडाचा छोटा त्रिकोणी तुकडा लावलेला दिसतो. सारखा ओढला जाणारा तो बिंदू उसवू नये म्हणून तो असतो.

हा आकार नक्षीसाठी नाही. युरोपात शर्ट हा शेकडो वर्षं आतला कपडा होता. वरून कोट किंवा जाकीट असायचं आणि शर्टाचे लांब पुढचे-मागचे पल्ले पायांमधून घेऊन अंगाशी बसवायचे. वेगळी चड्डी रोजच्या वापरात येण्याआधी ते काम हे पल्लेच करत. पुढे चड्डी आली, पल्ले आखूड झाले, पण आकार राहिला, कारण त्याचा अजून एक उपयोग आहे. पुढचा आणि मागचा लांब भाग पँटमध्ये खोल जाऊन शर्टाला धरून ठेवतो. कुशींना मात्र नितंबाचं हाड आणि खिशाची पिशवी असल्यामुळे तिथे जास्त कापड नको असतं. म्हणजे हा काठ बघण्यासाठी काढलेलाच नव्हता. तो बाहेर सोडला की पुढून जीभ लोंबते आणि बाजूने खिसा उघडा पडतो, त्यामुळे माणूस अर्धवट कपडे करून आल्यासारखा दिसतो.

सरळ काठाची गोष्ट उलट आहे. आपल्या आधीच्या पिढीचा बुशशर्ट आठवा: सगळीकडून एकाच उंचीवर कापलेला, कुशींना दोन-अडीच इंचांचे कट आणि खाली जरा रुंद दुमड. तो दिसावा म्हणूनच शिवलेला असतो. कुशीचे कट बसताना काठ उघडायला असतात, नाहीतर मांडीवर कापड गोळा होईल आणि शेवटच्या बटणावर ताण येईल. असा शर्ट पँटमध्ये कोंबला की जिथे नको तिथे, म्हणजे कुशींवर, सगळं कापड जातं आणि त्या रुंद दुमडीची रेघ पँटवरून दिसते. पातळ कापडाच्या पँटमध्ये तर लांबूनही कळते.

तेव्हा पहिला अंदाज काठावरून बांधायचा: खोल गोल असेल तर आत, सरळ असेल तर बाहेर. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण आता बाजारात गोल काठाचे पण आखूड, बाहेर सोडण्यासाठीच बनवलेले शर्ट भरपूर आहेत. अमेरिकेत 2011 साली सुरू झालेल्या अनटकइट या कंपनीने तर एवढ्याच एका गोष्टीवर धंदा उभा केला. त्यामुळे आकारावर थांबून चालत नाही.

## लांबीचा आकडा एकटा काही सांगत नाही

शर्टाची लांबी मोजायची मागून: कॉलर जिथे शर्टाला जोडलेली आहे त्या शिवणीच्या मध्यापासून खाली काठापर्यंत. कॉलर उभी धरून तिच्या वरच्या टोकापासून मोजलंत तर दीड-दोन इंच जास्त येतील आणि पुढचा सगळा हिशोब बिघडेल.

साधारण साडेपाच ते पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला आत घालायचा शर्ट तीस इंचांच्या आसपास लागतो आणि बाहेर सोडायचा सव्वीस-सत्तावीसच्या आसपास. फरक फक्त तीन-चार इंचांचा. म्हणूनच इतका गोंधळ होतो. अठ्ठावीस इंचांचा शर्ट घरोघरी असतो आणि तो दोन्हीकडे थोडा थोडा चुकतो.

पण या आकड्याला अर्थ येतो तो पँट घातल्यावर. भिंतीवर कॅलेंडर लावल्यासारखं आहे हे. कॅलेंडर केवढं आहे यावरून ते टेबलाच्या मागे जाईल की वर राहील हे कळत नाही, टेबल किती उंच आहे ते बघावं लागतं. इथे टेबल म्हणजे कंबरपट्टी. आपल्याला हवं असलेलं खरं माप एकच आहे: कंबरपट्टीच्या वरच्या कडेपासून शर्टाच्या काठापर्यंत किती कापड उरतं. याला आपण उरलेलं कापड म्हणू. गोल काठाच्या शर्टात हे माप कुशीला घ्यायचं, कारण ते तिथे सगळ्यात कमी असतं. पिशवी फाटते ती जिथे कापड विरलंय तिथेच, मधे कितीही जाड असली तरी.

## पँट खाली सरकली की शर्ट आखूड होतो

आसन अकरा इंचांचं असेल तर पँट बेंबीच्या जरा खाली बसते. साडेआठ इंचांचं असेल तर ती कमरेच्या हाडांवर लटकते. शर्ट तोच, माणूस तोच, पण उरलेल्या कापडात अडीच इंचांचा फरक पडतो. वडिलांच्या पिढीचा शर्ट दिवसभर पँटमध्ये राहायचा आणि आपला दुपारच्या आत बाहेर येतो, याचं मोठं कारण हेच आहे. त्यांच्या पँटी उंच बसायच्या. पुढे पँटी खाली आल्या, शर्टही आखूड झाले आणि इन करायची सवय मात्र तशीच राहिली.

आता पुन्हा उंच आसनाच्या पँटी दुकानांत दिसू लागल्या आहेत. ज्यांचा शर्ट सारखा सुटतो त्यांनी बेल्ट घट्ट करण्याआधी एकदा अशी पँट घालून बघावी. बेल्टने पँट धरली जाते, शर्ट नाही.

पोट सुटलेलं असेल तर हाच खेळ आणखी एका बाजूने चालतो. लेबलवर आसन दहा इंच असलं तरी पुढची कंबरपट्टी पोटाखाली घसरते, म्हणजे प्रत्यक्षात ती पँट लो राईजच झाली. शिवाय पोटाच्या गोलाईवरून जाताना शर्टाचं पुढचं कापड एक-दोन इंच खर्च होतं, त्यामुळे समोरचा काठ मागच्यापेक्षा वर येतो. बाजूने फोटो काढला की शर्ट पुढे उचलल्यासारखा दिसतो तो म्हणून. जाणता टेलर अशा गिऱ्हाईकाला पुढचा भाग तेवढा लांब ठेवतो. रेडिमेडमध्ये ही सोय नाही, तेव्हा माप पुढूनही घ्यायचं आणि कुशी आणि पुढचं यात जे कमी भरेल ते धरायचं.

## हात वर, म्हणजे मुंढ्याची परीक्षा

लोकलमध्ये वरची कडी धरलेल्या माणसांकडे बघा. सकाळी नीट इन करून निघालेल्यांपैकी कितीतरी जणांचा शर्ट कुशीला पँटमधून बाहेर डोकावत असतो. हात वर गेला की बाही वर जाते, बाही मुंढ्याला जोडलेली असते आणि मुंढा सगळा शर्ट आपल्यामागे ओढतो. किती ओढेल हे मुंढा किती खाली उतरलाय यावर आहे. काखेला लागून, वर असलेला मुंढा जवळजवळ जागेवरच वळतो. चार बोटं खाली लोंबणारा मुंढा अख्खा शर्ट उचलतो.

लोकांना हे उलटं वाटतं. ढगळ शर्टात मोकळं वाटतं, म्हणून शर्ट सुटत असेल तर एक साईज मोठा घेतात. मोठ्या साईजचा मुंढा आणखी खाली असतो, म्हणून तो आणखी ओढला जातो, म्हणून आणखी सुटतो. वडील अशा गिऱ्हाईकाला आत बोलावून मुंढा दोन बोटं वर घ्यायचे. गिऱ्हाईक "घट्ट होईल हो मास्टर" म्हणून कुरकुरायचं आणि शर्ट न्यायला आलं की आरशासमोर हात वर-खाली करून गप्प व्हायचं.

हे माप घ्यायला कुणाच्या मदतीची गरज नाही. शर्ट बाहेर सोडून ताठ उभं राहा आणि कुशीला काठ पँटवर जिथे येतो तिथे खडूने खूण करा. मग दुसऱ्या बाजूचा हात कडी धरल्यासारखा वर करून बघा, आणि नंतर दोन्ही हात. काठ किती इंच वर गेला ते मोजा. चांगल्या बसलेल्या शर्टात तीनच्या आत-बाहेर, ढगळ शर्टात चार किंवा जास्त.

उरलेल्या कापडातून ही ओढ वजा करा. शर्ट इन करायचा असेल तर बाकी किमान तीन इंच हवी, कारण त्याहून कमी कापडावर कंबरपट्टीची पकड बसत नाही आणि बसता-उठता ते निसटतं. बाहेर सोडायचा असेल तर बाकी शून्याच्या वर राहिली तरी पुरे, हात वर केल्यावर कंबरपट्टी झाकलेली असली म्हणजे झालं. एक-दीड इंच राहिला तर उत्तम.

## भाच्याच्या कपाटातला हिशोब

दुसऱ्या दिवशीचा इंटरव्ह्यू ऑनलाइनच होता, त्यामुळे बेंबी वाचली. पण पुढच्या फेरीला प्रत्यक्ष जायचं होतं, म्हणून रविवारी मी टेप घेऊन ताईकडे गेलो. त्याची उंची पाच फूट सात इंच. पलंगावर दोन शर्ट, दोन पँटी.

पांढरा फॉर्मल शर्ट, मागून तीस इंच, काठ खोल गोल, कुशीला तीन इंच आखूड. दुसरा छापील अर्ध्या बाह्यांचा, सत्तावीस इंच, काठ सरळ, पण मुंढा खाली. पँटीतली एक शिवलेली, आसन अकरा. दुसरी जीन्स, आसन साडेआठ. मानेच्या शिवणीपासून कंबरपट्टीपर्यंतचं अंतर शिवलेल्या पँटवर साडेअठरा इंच भरलं, जीन्सवर एकवीस.

पांढऱ्या शर्टाचं कुशीचं माप तीस उणे तीन, म्हणजे सत्तावीस. शिवलेल्या पँटमध्ये उरलेलं कापड साडेआठ इंच, हात वर केल्यावर ओढ तीन, बाकी साडेपाच. दिवसभर हलणार नाही. जीन्समध्ये उरलेलं सहा, बाकी तीन. जेमतेम. वर्गात बसायला ठीक, स्कूटरवर पुढे वाकून जायचं तर सुटेल. बाहेर सोडला तर मागचा पल्ला आसनाच्या शिवणीच्याही खाली लोंबत होता. तो विषयच नको.

छापील शर्ट सगळीकडून सत्तावीस. जीन्सवर उरलेलं कापड सहा इंच, ओढ चार, बाकी दोन. बाहेर सोडायला नेमका. कॉलवर त्याने घातला होता तो यातला नव्हताच, तो गोल काठाचा तिसरा शर्ट, धुऊन धुऊन आटलेला. छापील शर्ट जीन्समध्ये इन केला तर तेच दोन इंच बाकी, म्हणजे पहिल्याच जिन्यावर निसटणार. शिवलेल्या पँटमध्ये तो राहिला असता, उरलेलं साडेआठ आणि बाकी साडेचार, पण सरळ काठाची दुमड पँटवरून दिसत होती.

मग ताई म्हणाली, "हा पांढरा तीन इंच कापून घेतला तर दोन्हीकडे चालेल ना?" नाही, आणि इथेच बहुतेक जण शर्ट वाया घालवतात. कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याकडे दिला की तो काठाच्या आकारात सगळीकडून सारखे तीन इंच कापतो. मागे सत्तावीस झाले, छान. पण कुशीला राहिले चोवीस. जीन्सवर उरलेलं कापड तीन इंच, ओढ तीन, बाकी शून्य. हात वर केला की कुशीत पट्टी आणि अंग दोन्ही दिसणार. आखूड करताना गोलाई उथळ करायला सांगावं लागतं: मागे-पुढे तीन इंच कापायचे आणि कुशीला फक्त दीड. मग कुशीला साडेपंचवीस राहतात, जीन्सवर बाकी दीड इंच. शर्ट बाहेर सोडायला तयार. आणि त्यानंतर तो जीन्समध्ये आत घालायचा नाही, कारण आतल्यासाठी लागणारी तीन इंचांची बाकी आता नाही.

आम्ही पांढरा कापला नाही. तो शिवलेल्या पँटमध्ये इन करूनच जायचं ठरलं.

## चेनच्या मध्यावर काठ हवा म्हणतात ते?

इंटरनेटवर सगळीकडे एक नियम सापडतो: बाहेर सोडलेला शर्ट पँटच्या चेनच्या मध्यावर संपावा. नियम वाईट नाही, पण तो मधल्या आसनाच्या जीन्ससाठी घडलेला आहे. उंच आसनाच्या पँटची चेन वरून सुरू होते आणि लांब असते, त्यामुळे तिचा मध्यही वर सरकतो आणि तिथपर्यंतचा शर्ट फ्रॉकला कात्री लावल्यासारखा आखूड दिसतो. लो राईजमध्ये चेन एवढीशी असते, मध्यावर काठ आला की हात वर करायची सोयच नाही.

म्हणून मी खालून मोजतो. आसनाची शिवण हा अंगावरचा पक्का बिंदू आहे, पँट कितीही उंच घेतली तरी तो फारसा हलत नाही. समोर उभं राहून बघितलं तर काठ तिच्यापासून दोन ते चार इंच वर असावा. दोनपेक्षा खाली आला की पाय आखूड दिसतात आणि झब्बा घालायचा विचार बदलून शर्ट घातल्यासारखं वाटतं. चारपेक्षा वर गेला की हात वर करण्याचा हिशोब बिघडतो. मागून बघितलं तर काठ पँटच्या मागच्या खिशाच्या मधोमध कुठेतरी यायला हवा, अख्खा खिसा झाकला जाता कामा नये.

यातून एक गंमत निघते. उंच आसनाच्या पँटवर बाहेर सोडायच्या शर्टाला पुष्कळ सूट मिळते, कारण कंबरपट्टी वर आहे आणि खाली जागा भरपूर. लो राईजवर ती खिडकी इंच-दीड इंचाची असते. नेमके लो राईज घालणारेच शर्ट बाहेर सोडतात, म्हणून त्यांचे शर्ट एकतर लोंबतात किंवा पाठ उघडी टाकतात.

## पण ऑफिसात बाहेर सोडलेला शर्ट म्हणजे गबाळेपणाच ना?

कपड्याच्या शिस्तीचा आणि शर्ट आत असण्याचा संबंध सगळ्या जगाने मान्य केलेला नाही. क्यूबामध्ये ग्वायाबेरा नावाचा शर्ट असतो, सरळ काठाचा, कुशीला कट असलेला, चार खिशांचा. 2010 साली तिथल्या सरकारने तो राजनैतिक समारंभांचा अधिकृत पोशाख ठरवला. तो बाहेरच असतो. फिलिपीन्समध्ये लग्नाला आणि सरकारी समारंभाला घालायचा बारोंग तागालोगही बाहेरच सोडतात. आपल्याकडे झब्बा कुणी पायजम्यात खोचत नाही आणि त्याला गबाळा म्हणत नाही. ही सगळी वस्त्रं बाहेर राहण्यासाठी कापलेली आहेत, हे त्यांच्या काठावरून दिसतं.

तेव्हा साहेबाला खुपतं ते बहुधा शर्ट बाहेर असणं नसून आत जायला कापलेला शर्ट बाहेर लोंबणं असतं. अर्थात तुमच्या कंपनीत इन करायचाच असा लेखी नियम असेल तर टेप दाखवून वाद घालू नका. लांब, गोल काठाचा शर्ट आणि उंच बसणारी पँट घ्या आणि सुखाने आत घाला.

## इन केला की कमरेवर फुगा येतो, त्याचं काय?

हा लांबीचा नव्हे, घेराचा प्रश्न आहे. शर्ट कमरेपाशी रुंद आहे आणि पँटमध्ये जाताना ते जादा कापड कुठेतरी जायला हवं. लष्करात करतात तशी घडी घालता येते: शर्ट आत घाला, दोन्ही कुशीच्या शिवणी चिमटीत धरून बाहेर ओढा, ते जादा कापड मागच्या बाजूला दुमडून पाठीशी सपाट बसवा आणि मग बेल्ट लावा. पुढून शर्ट सपाट दिसतो, मागे दोन उभ्या घड्या येतात. सुती शर्टात ही घडी दोन-तीन तास टिकते, घसरत्या पॉलिएस्टरमध्ये जिन्यापर्यंतही नाही. कायमचा उपाय म्हणजे पाठीला दोन उभ्या चुण्या घालून घेणं.

बाहेर सोडायच्या शर्टात घेर उलट बाजूने त्रास देतो. काठापाशी शर्ट सीटच्या मापापेक्षा दोन-तीन इंच तरी सैल हवा. तेवढा नसेल तर चालताना तो वर चढतो आणि नितंबावर अडकून बसतो, मग लांबी बरोबर असूनही तो आखूड दिसतो. बायकांच्या शर्टांत हे जास्त घडतं, कारण कंबर आणि सीट यांच्या मापात फरक मोठा असतो. शेवटचं बटण उघडं ठेवून शर्ट नीट खाली बसला तर समजावं की लांबीला हात लावायची गरज नाही, कुशीला कट वाढवून घेतला की भागेल.

नुसता पुढचा भाग जरासा खोचून बाकीचा सोडायचा, तेही याच मापात बसतं. उंच आसनाच्या जीन्सवर ते छान दिसतं, कारण समोर कापड धरायला जागा असते. पण मागे आणि कुशीला शर्ट बाहेरच असल्याने ती दोन्ही मापं बाहेर सोडायच्या नियमाने घ्यायची. तीस इंचांचा फॉर्मल शर्ट असा खोचला की मागे शेपूट राहतं.

## कापण्याआधी एकदा धुवा

सुती शर्ट पहिल्या काही धुण्यांत शेकडा दोन-तीन आटतो. तीस इंचांत हे पाऊण इंचाच्या आसपास जातं. दुकानातून आणलेला कोरा शर्ट त्याच संध्याकाळी अल्टरेशनला दिला आणि बाकी अर्धा इंच ठेवली, तर महिन्याभरात ती बाकी संपलेली असते. भाच्याच्या त्या तिसऱ्या शर्टाचं तेच झालं होतं. घेताना बरोबर होता, घेतल्या घेतल्या एक इंच कापून घेतला, उरलेलं काम वॉशिंग मशीनने केलं.

तो शर्ट आता ताईने स्वतःसाठी ठेवलाय. तिची जीन्स बेंबीपर्यंत येते. मी टेप लावून बघितला, कुशीला बाकी दोन इंच भरते.